आप्पांच्या कडुलिंबावरची गुळवेल

आमच्या गावच्या घरामागे कडुलिंबाचं जुनं झाड आहे. त्याच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत गुळवेल चढलेली. पानं हृदयाच्या आकाराची, आणि वरून दोरे सोडल्यासारखी लोंबणारी बारीक मुळं. सासरे, म्हणजे आप्पा, त्या वेलीला कधी कोणाला हात लावू देत नसत. कुणाचा ताप उतरेना झाला की ते स्वतः कोयता घेऊन जात आणि वीतभर तुकडा तोडून आणत. लिंबावरची गुळवेल सगळ्यात गुणकारी, असं ते नेहमी म्हणत.

२०२१च्या एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली तेव्हा साताऱ्याची आमची शाळा बंद होती, म्हणून आम्ही चौघं गावीच राहिलो. पलीकडच्या आळीत आठवड्यात दोन माणसं गेली. त्या भीतीत कोण काय सांगेल ते आम्ही करत होतो. आप्पांनी वेल तोडली आणि रोजचा काढा सुरू झाला. बोटभर जाडीचा, साधारण वीतभर लांबीचा तुकडा माणशी एक. वरची कागदासारखी तपकिरी साल नखाने सोलली की खाली हिरवंगार खोड लागतं. ते आडवं कापलं तर आत सायकलच्या चाकासारखे आरे दिसतात, आणि हाताला बुळबुळीत चिकट रस लागतो. हे तुकडे खलबत्त्यात ठेचून रात्री भिजत घालायचे. सकाळी माणशी चार कप पाण्यात आलं, तुळस आणि चार मिरे टाकून मंद आचेवर कपभर राहीपर्यंत उकळायचे. मी आणि माझा नवरा, दोघं उपाशीपोटी ते प्यायचो. आप्पा म्हातारे, त्यांना अर्धा कप. मुलांनी पहिल्याच दिवशी तोंडं वाकडी केली म्हणून त्यांना सोडून दिलं.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते आणि अकरा वर्षांपासून थायरॉईडची गोळी घेत होते, थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम. धाकट्याच्या जन्मानंतर थायरॉईड कमी झाल्याचं निघालं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, आणि दर सहा महिन्यांनी टीएसएच तपासून ती कमी-जास्त होत राहिली. ते कशामुळे कमी झालं हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझ्या शाळेतल्या निम्म्या बायकांना थायरॉईड आहे. तो आजार आहे असंसुद्धा आम्हाला वाटत नाही.

पहिले पाच आठवडे काहीच झालं नाही. उलट सर्दी-खोकला नाही, म्हणजे काढा लागू पडतोय, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. मेच्या मध्यावर मला जेवण नकोसं व्हायला लागलं. फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं. दुपारी बाराला झोपले तर चारपर्यंत उठवत नव्हतं. उन्हाळा आहे, पित्त झालंय, असं धरून मी कोकम सरबत पीत राहिले. मग एके दिवशी लघवी चहाच्या रंगाची झाली. पाणी कमी पडलं असेल म्हणून तीन-चार तांबे पाणी प्यायले, तरी रंग उतरेना. पाण्याने फिका न होणारा तो रंग ही पहिली पक्की खूण होती, हे आता कळतं. त्यानंतर चार दिवसांनी अंगणात उजेडात बसले होते, तर जाऊबाई समोरून आल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या. "डोळे बघ गं आरशात," एवढंच म्हणाल्या. डोळ्यांचा पांढरा भाग हळद शिंपडल्यासारखा पिवळा होता.

तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. काविळीचा आकडा, बिलिरुबिन, ४.६ आला, जो साधारण १.२च्या आत असायला हवा. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एसजीपीटी ७८०, जे साधारण चाळीसच्या आत असतं. त्यांनी विचारलं, "औषधं कुठली चालू आहेत?" मी म्हणाले, "थायरॉईडची एक गोळी, बाकी काही नाही." मी खोटं बोलत नव्हते. काढा हे औषध आहे हे माझ्या मनातच नव्हतं. तो आमच्यासाठी चहाच्या जागी आला होता. त्या एका उत्तरामुळे माझे सहा दिवस गेले, आणि त्या सहा दिवसांत जे झालं ते आठवलं की अजून छातीत धडधडतं.

डॉक्टरांना ही पाण्यातून होणारी कावीळ वाटली. उन्हाळ्यात गावाकडे ती होतेच, त्यामुळे त्यांना दोष द्यायचा नाही. त्यांनी विश्रांती सांगितली, तेलकट बंद केलं आणि आठवड्याने परत बोलावलं. घरी आल्यावर आप्पा म्हणाले, "अगं, काविळीवर तर गुळवेल उत्तम." ते मनाचं बोलत नव्हते. आयुर्वेदात काविळीवर, म्हणजे कामला या आजारात, गुळवेल खरोखरच सांगितली आहे. ती अमृता आहे, यकृताला बळ देते, असं ते चांगल्या वैद्यांकडून ऐकत आले होते. माझ्या काळजीपोटी त्यांनी सकाळच्या काढ्याला संध्याकाळचा जोडला. मी सहा दिवस दोन्ही वेळा तो भक्तिभावाने प्यायले. जी वस्तू आजाराचं कारण होती तिचाच डोस मी उपाय म्हणून दुप्पट केला होता. या आजारातला सगळ्यात मोठा धोका मला इथेच दिसतो, कारण बाकीच्या कुठल्याही औषधाच्या बाबतीत त्रास झाल्यावर माणूस निदान हात आखडता घेतो.

सातव्या दिवशी बिलिरुबिन ९.८ झालं होतं आणि एसजीपीटी १,१४०. आता अंगाला खाजही सुटली होती. डॉक्टरांनी पुण्याला यकृताच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. त्या दिवशी गाडीत मला कशाचं भान नव्हतं, पण तपासणीच्या खोलीतलं संभाषण लख्ख आठवतं. त्या डॉक्टर बाईंनी "औषधं कुठली?" असं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं, ते सगळं सांगा. चूर्ण, काढा, रस, प्रोटीन, शेजारणीने दिलेलं काही, सगळं." मी सांगत गेले. गुळवेल म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"किती दिवस?"

"सात आठवडे झाले."

"थायरॉईडची गोळी किती वर्षं?"

"अकरा."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आजपासून बंद. थेंबसुद्धा नाही."

मला दाखल करून घेतलं. कारण शोधायची पद्धत अशी की आधी बाकीची सगळी दारं एकेक करून बंद करायची. कावीळ ए, बी, सी आणि ई या विषाणूंच्या तपासण्या झाल्या, चारही नाहीत. सोनोग्राफीत पित्ताशयात खडा नाही, पित्तनलिका फुगलेली नाही. दारू मी घेत नाही. मग वेगळ्या तपासण्या आल्या, ज्यांची नावं मी पहिल्यांदा ऐकली. एएनए म्हणजे शरीराने स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं. ती १:३२० इतकी आली. आयजीजी हे प्रतिपिंडांचं एकूण प्रमाण २,३५० आलं, ते १,६००च्या आत असतं. थायरॉईडसाठीची अँटी-टीपीओ तपासणी अकरा वर्षांत पहिल्यांदाच झाली. तीही खूप जास्त.

त्या संध्याकाळी डॉक्टर बाई खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी मला माझाच आजार समजावून सांगितला. "तुमची थायरॉईड ग्रंथी आपोआप थकलेली नाही. तुमच्या प्रतिकारशक्तीनेच ती वर्षानुवर्षं कुरतडली आहे. बहुतेक बायकांच्या थायरॉईडमागे हेच असतं. ज्यांच्या शरीरात ही एक खोड असते, त्यांच्यात दुसऱ्या अवयवाबाबतही ती असण्याची शक्यता जास्त. सांधे, त्वचा, यकृत, कुठेही. आणि तुम्ही सात आठवडे प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा घेत होतात."

मी विचारलं, "पण ती वाढते का खरंच?" मला वाटलं त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "प्रयोगशाळेत तरी गुळवेलीतले काही घटक, विशेषतः तिच्यातल्या लांब साखळीच्या शर्करा, प्रतिकारपेशींना चेतवतात असं दिसलं आहे. म्हणजे लोक जो गुण सांगतात तो अगदीच हवेतला नाही. पण ज्याच्या घरातला पहारेकरीच घरच्यांवर धावून जातो, त्याच्या हातात आणखी मोठी काठी द्यायची का?" माणसाच्या यकृतात नेमकं काय घडतं याची साखळी अजून पूर्ण जुळवलेली नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

माझ्या नवऱ्याने तेवढेच दिवस, त्याच भांड्यातला, तेवढाच काढा घेतला होता. आप्पांनी अर्धा. दोघांच्याही तपासण्या केल्या आणि दोघांचंही यकृत ठणठणीत निघालं. वेलीत विष असतं तर तिघांनाही कमी-जास्त त्रास झाला असता. हा त्रास घेणाऱ्याच्या शरीरावर अवलंबून असतो. त्यामुळे 'आमच्या घरात सगळे घेतात, कोणाला काही झालं नाही' हे वाक्य खरं असू शकतं, पण त्याच घरातल्या थायरॉईडवाल्या सुनेला त्याचा काही उपयोग नाही.

बऱ्याच जणांचं यकृत अशी वस्तू बंद केल्यावर आपसूक सावरतं. म्हणून आधी थांबून बघायचं ठरलं. दर दोन दिवसांनी रक्त काढायचे, आणि त्या सगळ्यांचं लक्ष एसजीपीटीपेक्षा आयएनआर नावाच्या आकड्यावर असायचं. रक्त गोठवणारे घटक यकृत बनवतं. ते काम मंदावलं की आयएनआर चढतो. एसजीपीटी उतरतंय पण आयएनआर चढतोय, असं झालं तर ती सुधारणा नसून यकृताची ताकद संपत चालल्याची खूण असू शकते, असं तिथल्या तरुण डॉक्टरने नवऱ्याला कागदावर काढून दाखवलं. रोज सकाळी तो माझ्याकडून दोन गोष्टी करून घ्यायचा. दोन्ही हात समोर ताठ धरून पंजे मागे वाकवायचे, रस्त्यात गाडी थांबवल्यासारखे. आणि वहीवर माझी सही करायची. पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडले किंवा सही बिघडली, तर यकृताचा परिणाम मेंदूपर्यंत गेला असं समजायचं. माझी ती वही नवऱ्याने अजून ठेवली आहे. सगळ्या सह्या सारख्या आहेत.

पण सहाव्या दिवशी बिलिरुबिन १३ झालं आणि आयएनआर १.६. आता थांबता येणार नव्हतं. व्हिटॅमिन के-ची इंजेक्शनं देऊन आयएनआर १.४ वर आणला आणि यकृताचा तुकडा तपासायला घेतला. बायोप्सी म्हटल्यावर घरच्यांच्या पोटात गोळा आला, कारण आपल्याकडे तो शब्द कर्करोगालाच जोडलेला आहे. प्रत्यक्षात उजव्या बरगड्यांमधली जागा बधिर करून सुई आत गेली, श्वास रोखायला सांगितला, 'टक' असा आवाज झाला, आणि शेवईच्या तुकड्यासारखं काहीतरी बाटलीत पडलं. नंतर सहा तास पलंगावरून हलायचं नाही, एवढाच जाच.

अहवाल तिसऱ्या दिवशी आला. यकृतात छोटी-छोटी दालनं असतात, त्यांच्या कडेला दाह होता, आणि तिथे प्लाझ्मा पेशींची गर्दी होती. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी त्याच. सोबत इओसिनोफिल नावाच्या पेशीही होत्या, ज्या औषधांच्या त्रासात बऱ्याचदा दिसतात. म्हणजे चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिसचं, प्रतिकारशक्तीच यकृतावर हल्ला करते त्या आजाराचं, पण त्यात बाहेरून आलेल्या कशाचा तरी हात असल्यासारखं. व्रण फारसे नव्हते. मी त्या वेळी देवाचे आभार मानले, कारण ज्यांचं यकृत आधीच आतून कडक झालेलं असतं त्यांना हाच धक्का जिवावर बेततो.

प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम सुरू झालं. प्रतिकारशक्ती वाढवायला निघालेली मी आता ती दाबायच्या गोळ्या घेत होते, तेही करोनाच्या लाटेत. रात्री झोप लागेना. साखर जेवणानंतर दोनशेच्या पुढे गेली, चेहरा सुजला. पण आठवड्यात आयएनआर खाली आला, आणि मला पहिल्यांदा वरण-भात खावासा वाटला. तीन आठवड्यांनी बिलिरुबिन ३, दोन महिन्यांनी एसजीपीटी ३४. दर पंधरवड्याला गोळी थोडी थोडी कमी करत गेले, आणि सोबत प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी गोळी, ॲझाथायोप्रिन ५० मिलिग्रॅम, लागली. तिच्यामुळे पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून सुरुवातीला वरचेवर रक्त तपासायचे.

मी घरी पडून होते तेव्हा, जुलैमध्ये, मुंबईच्या डॉक्टरांचा अहवाल वर्तमानपत्रांत आला. २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात त्यांच्याकडे गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताच्या त्रासाने आले होते. लगेच आयुष मंत्रालयाने म्हटलं की गुळवेलीला यकृताच्या आजाराशी जोडणं दिशाभूल करणारं आहे, आणि रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे अभ्यासात पक्कं केलेलं नाही. हा मुद्दा मला वाचताक्षणी पटला, आणि अस्वस्थही करून गेला. गुळवेलीची एक चुलत बहीण आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. दिसायला जवळची, पण तिच्या खोडावर चामखिळींसारखे ठळक उंचवटे असतात. ती यकृताला त्रास देते हे आधीपासून नोंदलेलं आहे. मग आप्पांच्या लिंबावर होती तरी कोणती?

नवरा गावी जाऊन हातभर खोड, पानं आणि लोंबती मुळं वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. आमच्या ओळखीचे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन सगळ्या बाजूंनी बघितलं, नखाने साल काढली, आडवा छेद घेऊन भिंगाखाली धरला. "ही टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच. आपली गुळवेल. पान गुळगुळीत, सालीवर बारीक ठिपके आहेत पण चामखिळी नाहीत. शंका घ्यायला जागा नाही." म्हणजे आमची वनस्पती बरोबर होती, झाड कडुलिंबाचंच होतं, काढायची रीतही पिढ्यांची होती. भेसळ नव्हती, कीटकनाशक नव्हतं. चूक कुठे शोधायची तर ती माझ्या शरीरात होती, आणि ते कोणाला माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांचा मिळून अभ्यास आला, त्यात असे ४३ रुग्ण होते. निम्म्याहून जास्त बायका. गुळवेल सुरू केल्यापासून निम्म्या रुग्णांना साधारण ४६ दिवसांच्या आत त्रास दिसला होता. काही रुग्णांकडून मिळालेले नमुने प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा त्यांत यकृताला घातक अशी दुसरी रसायनं किंवा औषधं सापडली नाहीत. ऑटोइम्यून पद्धतीचा दाह ही त्यातली ठळक गोष्ट होती. मंत्रालय गुळवेल सुरक्षित असल्याच्या मतावर कायम राहिलं. मी त्या वादात पडू शकत नाही, माझं तेवढं शिक्षण नाही. देशात किती कोटी लोकांनी तेव्हा गुळवेल घेतली असेल आणि त्यांतल्या किती थोड्यांना हे झालं, हेही मला दिसतं. पण त्याच मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२०च्या करोनावरच्या मार्गदर्शिकेत गुळवेलीच्या घनवटीला मर्यादा घातलेली होती: ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस किंवा एक महिना. आमच्या घरात 'किती दिवस' हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. करोना संपेपर्यंत प्यायचं, असं ठरलं होतं.

२०२२च्या जानेवारीत डॉक्टर बाईंनी दोन्ही गोळ्या पूर्ण बंद करून बघायचं ठरवलं. त्याचं कारण त्यांनी नीट सांगितलं. आजार निव्वळ काढ्यामुळे झाला असेल तर गोळ्या थांबल्यावर तो परत येणार नाही. परत आला, तर तो माझ्याच शरीरात आधीपासून दबा धरून होता आणि काढ्याने त्याला फक्त जागं केलं. एरवी ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये इतक्या लवकर गोळ्या काढत नाहीत, हे सांगून त्यांनी दर महिन्याच्या तपासणीची शपथच घ्यायला लावली.

तीन महिने आकडे सरळ होते. एप्रिलमध्ये एसजीपीटी ९६ आलं, आयजीजी पुन्हा १,९०० वर. मला काहीही होत नव्हतं, भूक चांगली होती, मी शाळेत जात होते. रडू आलं ते त्यामुळेच. त्याच रात्री मी जुन्या फाइली उपसल्या. २०१८ मध्ये शाळेच्या आरोग्य शिबिरात झालेल्या तपासणीचा कागद सापडला. एसजीपीटी ६१. शेजारी पेनाने लिहिलं होतं, 'फॅटी लिव्हर, वजन कमी करा'. तेव्हा माझं वजन बावन्न किलो होतं. डॉक्टर बाईंनी तो कागद बराच वेळ बघितला आणि फाइलला लावून टाकला. आजार तेव्हापासून असावा, त्या म्हणाल्या. काढा नसता तर तो कधी वर आला असता, आला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. पण इतक्या जोराने, एकाच महिन्यात मृत्यूच्या दारापर्यंत नेण्याइतका, तो आला नसता असं त्यांना वाटतं. ॲझाथायोप्रिन पुन्हा सुरू झाली आणि अजून चालू आहे. दर तीन महिन्यांनी रक्त.

आप्पांना हे सांगायचं कसं, हा माझ्यापुढचा सगळ्यात अवघड भाग होता. मी दवाखान्यात असताना त्यांनी मनाला इतकं लावून घेतलं होतं की वेल मुळापासून तोडायला निघाले होते. नवऱ्याने अडवलं. मी घरी आल्यावर त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आप्पा, वेल वाईट नाही. तुम्हाला चालली, तुमच्या मुलाला चालली. माझ्या रक्तात आधीच भांडण होतं, ते आपल्याला ठाऊक नव्हतं." त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग विचारलं, "मग ज्याला द्यायची त्याला आधी काय विचारायचं?" गावातले लोक अजून त्यांच्याकडे वेल मागायला येतात, म्हणून हा प्रश्न. मी त्यांना वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. थायरॉईडची गोळी चालू आहे का. संधिवात, सोरायसिस, अंगावर पांढरे डाग, ल्युपस, यातलं काही आहे का, की घरात कोणाला आहे. पूर्वी कधी कावीळ झाली होती का, यकृताचा आकडा वाढलेला होता का. यातल्या एकालाही हो म्हटलं तर वेल द्यायची नाही, डॉक्टरांकडे पाठवायचं. आणि ज्याला दिली त्याला सांगायचं: भूक मेली, लघवी गडद झाली, की त्याच दिवशी बंद करून रक्त तपास. ते पान त्यांनी देवघराच्या कपाटाला आतून चिकटवलं आहे.

माझी धाकटी बहीण कोल्हापूरला असते. तिला आमवात आहे, हाताची बोटं सकाळी वळत नाहीत. माझं सगळं आजारपण तिने जवळून पाहिलं, गुळवेलीचं नाव काढलं तरी तिच्या अंगावर काटा येतो. गेल्या दिवाळीत फोनवर ती सहज म्हणाली की सांध्यांसाठी कोणीतरी सांगितलेल्या गोळ्या दोन महिन्यांपासून घेतेय, कैशोर गुग्गुळ. मी म्हटलं, "डबी घेऊन ये आणि मागचं वाच."

"त्यात गुळवेल नाहीये गं ताई, मी बघितलंय."

"वाच तरी."

तिने चष्मा शोधला. मग एकेक नाव वाचायला लागली, गुग्गुळ, हरीतकी, बिभीतक, आमलकी, सुंठ. मी ऐकत होते. गुळवेलीला हिंदीत गिलोय म्हणतात, संस्कृतात अमृता आणि गुडूची. बाजारात ती संशमनी वटीत असते, अमृतारिष्टात असते, पांढऱ्या भुकटीसारख्या गुळवेल सत्त्वात असते. माझ्या बहिणीने आयुष्यभर फक्त एकच नाव ऐकलं होतं.

"...मिरी, पिंपळी, वावडिंग, गुडूची," ती म्हणाली. "पुढं वाचू?"

"थांब," मी म्हटलं. "ती डबी बाजूला ठेव. उद्या सकाळी रक्त दे, एसजीपीटी आणि बिलिरुबिन. आणि संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत ने."

तिचं एसजीपीटी ५८ आलं. डबी बंद केल्यावर सहा आठवड्यांनी २९.